रिकामी यादी, उलटी यादी

१९९१ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ॲलन विल्क्स आणि रिक बेकर एक प्रोग्रॅम चालवत होते. संख्याशास्त्राच्या कामासाठी एस नावाची संगणकभाषा ज्यांनी घडवली, त्यांच्यापैकी हे दोघे. म्हणजे आकड्यांच्या राशी उपसणे हे त्यांचे रोजचेच काम. प्रोग्रॅममध्ये एका टप्प्यावर संख्यांची क्रमवारी लावायची होती. त्यासाठी त्यांनी युनिक्समध्ये तयार मिळणारे `qsort` हे फंक्शन वापरले. काम काही मिनिटांचे होते. पण तास उलटले तरी संगणक घुमतच राहिला. शेवटी त्यांनी तो थांबवला. थांबवला नसता तर तो काही आठवडे तसाच चालत राहिला असता.

संगणक बिघडला नव्हता आणि `qsort` चुकीचे उत्तरही देत नव्हते. हे फंक्शन काही कोण्या नवशिक्याने काल-परवा लिहिलेले नव्हते. जगभरच्या युनिक्स यंत्रांवर वर्षानुवर्षे ते बिनतक्रार चालत होते. तरीही एका विशिष्ट आकाराची यादी पुढ्यात येताच त्याचा दम निघाला. ती यादी कोणती, हे या लेखात पुढे येईल. आधी साध्या याद्यांकडे पाहायला हवे, कारण ती अवघड यादी साध्यांच्याच जोडणीतून बनलेली आहे.

क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनचे काम शाळकरी मुलालाही सांगता येते: यादी घ्यायची आणि ती चढत्या क्रमाने लावून परत द्यायची. लिहायलाही ते सात-आठ ओळींत होते, आणि घोळ तिथेच आहे. लिहिणारा चार-पाच आकडे हाताशी येतील तसे टाइप करतो, उत्तर बरोबर दिसते, आणि फंक्शन कामाला लागते. हाताने टाइप केलेले ते आकडे मात्र जवळजवळ नेहमी एकाच जातीचे असतात. ते विस्कटलेले असतात, वेगवेगळे असतात आणि संख्येने बेताचे असतात. प्रत्यक्षात येणाऱ्या याद्या अशा नसतात. बँकेचे पासबुक तारखेप्रमाणे आधीच लागलेले असते. मोबाइलवरचे मेसेज नव्यापासून जुन्याकडे, म्हणजे नेमके उलटे येतात. आणि महाराष्ट्रात दहावीला बसणाऱ्या पंधरा लाखांच्या आसपास मुलांचे गुण ५०० पैकी असतात. ० ते ५०० या ५०१ आकड्यांत एवढी मुले बसवायची, तर एकेका आकड्यावर हजारोंची दाटी होणार.

एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. पद्धत क्विकसॉर्टची. टोनी होअर यांना ती १९६० च्या सुमारास सुचली. ते तेव्हा मॉस्कोत शिकत होते आणि रशियन वाक्यांचे संगणकाकडून भाषांतर करण्याच्या प्रयत्नात होते. वाक्यातले शब्द कोशात शोधण्याआधी ते अकारविल्हे लावणे भाग होते. पुढे इंग्लंडमध्ये नोकरीला लागल्यावर त्यांनी साहेबांना सांगितले, की तुम्ही मला लिहायला दिलेल्या पद्धतीपेक्षा वेगवान पद्धत माझ्याकडे आहे. साहेबांनी सहा पेन्सची पैज लावली आणि हरले.

पद्धतीचे मर्म असे. यादीतला एक आकडा निवडायचा. त्याला पिव्हट म्हणतात. त्याच्याहून लहान आकडे एका बाजूला काढायचे, मोठे दुसऱ्या बाजूला. मग त्या दोन्ही ढिगांवर पुन्हा हेच करायचे. पायथॉन भाषेत एखादा विद्यार्थी हे साधारण असे लिहील:

```python
def lav(a):
    if len(a) == 1:
        return a
    p = a[0]
    lahan = [x for x in a if x < p]
    mothe = [x for x in a if x > p]
    return lav(lahan) + [p] + lav(mothe)
```

तो ५०, २०, ७०, १०, ३०, ६०, ८० हे आकडे देऊन पाहतो. पिव्हट ५०. लहान ढिगात २०, १०, ३०. मोठ्यात ७०, ६०, ८०. पुढच्या फेरीत २० च्या एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला ३०, तसेच ७० च्या एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला ८०. उत्तर अचूक येते. या सात ओळींत निदान तीन चुका आहेत आणि या चाचणीने त्यांतल्या एकीलाही धक्का लावला नाही.

पहिली चूक रिकामी यादी काढून देते. `lav([])` असे चालवले की फंक्शन लगेच कोसळते आणि पडद्यावर `IndexError: list index out of range` असे उमटते. ज्या यादीत काहीच नाही तिचा पहिला आकडा `a[0]` ते मागते आहे, एवढाच याचा अर्थ. यावर विद्यार्थ्याचा हमखास बचाव असतो, की रिकामी यादी लावायला देणारच कोण? एक तर देणारे भरपूर असतात. नव्या दुकानाची पहिल्या दिवशीची विक्री, शोधात काहीच न सापडल्यावर हाती आलेला निकाल, कुणीच गैरहजर नसलेल्या वर्गाची गैरहजेरी, या सगळ्या रिकाम्या याद्याच. पण खरे उत्तर त्याहून खोल आहे. रिकामी यादी बाहेरून कुणी दिली नाही तरी हे फंक्शन ती स्वतःच तयार करते.

वरच्या सात आकड्यांत फक्त २० आणि १० यांची अदलाबदल करून पाहावी: ५०, १०, ७०, २०, ३०, ६०, ८०. आता लहान ढिगात १०, २०, ३० येतात. त्यांचा पिव्हट १०. त्याच्याहून लहान कुणीच नाही, म्हणून `lahan` रिकामी, आणि ती रिकामी यादी पुन्हा `lav` कडेच जाते. फंक्शन तिथेच पडते. आधीचे सात आकडे दर फेरीला बरोबर मधोमध दुभंगत होते आणि शेवटी प्रत्येक ढिगात एकेकच आकडा उरत होता, म्हणून ते निभावले होते. अशी सोयीची मांडणी निवडण्यात विद्यार्थ्याचा काही कावा नव्हता. कागदावर समजावून सांगायला ती छान दिसते, इतकेच.

यातून आणखी एक गोष्ट कळते. फंक्शनला हाक मारण्याआधी बाहेरच यादी रिकामी आहे का ते पाहायचे, असा उपाय बरेच जण करतात. त्याने इथे काहीच साधणार नाही. दुरुस्ती आतच हवी: `len(a) == 1` च्या जागी `len(a) <= 1`.

सी भाषेत हीच चूक वेगळ्या रूपात भेटते, आणि तिथे ती जास्त महाग पडते. यादीची लांबी बहुधा `size_t` या प्रकारात ठेवलेली असते. या प्रकाराला ऋण संख्या ठाऊकच नाही. लांबी शून्य असताना कुणी `n - 1` लिहिले, तर उत्तर उणे एक येत नाही. ६४ बिटी यंत्रावर ते 18446744073709551615 येते. मग फिरणारे आवर्तन त्या आकड्यापर्यंत पोहोचायला निघते आणि यादीची हद्द ओलांडून दुसऱ्याच्या मेमरीत घुसते. पायथॉन निदान ओरडून सांगतो. सी तेवढेही करेल याची हमी नाही.

आता दुसरी यादी, आधीच लागलेली. इथे विद्यार्थी म्हणेल, की हे तर सर्वांत सोपे. काम आधीच झालेले आहे. दुरुस्त केलेल्या फंक्शनला १ ते २,००० हे आकडे क्रमाने देऊन पाहावे. `RecursionError: maximum recursion depth exceeded` असे सांगून ते थांबते.

कारण पहिलाच आकडा पिव्हट धरला आहे. लागलेल्या यादीत पहिला आकडा सर्वांत लहान असतो. त्यामुळे लहान ढीग रिकामा, आणि मोठ्या ढिगात उरलेले सगळे, म्हणजे १,९९९. पुढच्या फेरीत १,९९८, मग १,९९७. यादी दुभंगतच नाही. दर फेरीला एकेक आकडा तेवढा गळतो. फंक्शन स्वतःलाच हाक मारत एकाच्या पोटात एक असे २,००० थर खाली जाऊ पाहते, आणि पायथॉन सहसा हजाराच्या आसपास लगाम ओढतो. तेच २,००० आकडे पत्त्यांसारखे पिसून दिले असते, तर पंचवीसेक थरांत काम उरकले असते.

ज्या भाषांत असा लगाम नाही किंवा तो सैल आहे, तिथे फंक्शन पडत नाही. ते फक्त मंदावते. अशी चूक ओळखणे जास्त कठीण, कारण उत्तर शेवटी बरोबरच येते. दर फेरीला एकच आकडा गळत असेल, तर n आकड्यांसाठी होणाऱ्या तुलना n(n−१)/२ इतक्या होतात. एक लाख आकड्यांसाठी हा हिशेब जवळजवळ ५०० कोटींवर जातो. पिसलेल्या यादीला साधारण २० लाख पुरतात. शंभर आकड्यांच्या चाचणीत हा फरक डोळ्यांना दिसतही नाही, कारण दोन्ही कामे पापणी लवायच्या आत होतात. तो उघडा पाडायचा एक साधा मार्ग आहे. यादीची लांबी दुप्पट करायची आणि लागणारा वेळ पाहायचा. वेळ दुपटीहून थोडा जास्त झाला तर ठीक; चौपट झाला, की समजायचे, आत काहीतरी अडकले आहे. घड्याळावर भरवसा नसेल तर तुलना मोजाव्यात. यंत्र जुने असो वा नवे, तुलनांचा आकडा बदलत नाही.

यावरचा उपाय वरवर सोपा आहे: पहिल्याऐवजी मधला आकडा पिव्हट घ्यावा, म्हणजे `p = a[len(a) // 2]`. लागलेल्या यादीचा मधला आकडा तिला बरोबर दुभंगतो. उलट्या यादीचाही.

मग उलटी यादी वेगळी तपासायचीच कशाला? या फंक्शनपुरते खरेच फारसे काही नवे कळत नाही, आणि ते कबूल करायला हरकत नाही. पण सगळी फंक्शने क्विकसॉर्ट नसतात. उलट्या यादीचा खरा उपयोग पाहायचा तर कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधला बबल सॉर्ट बरा. त्यात शेजारशेजारच्या आकड्यांची तुलना करत पुढे जायचे, आणि डावीकडचा मोठा असेल तर अदलाबदल करायची. n आकड्यांना अशा n−१ फेऱ्या लागतात. समजा, लिहिणाऱ्याच्या हातून एक फेरी कमी पडली:

```python
def bubble(a):
    n = len(a)
    for k in range(n - 2):
        for i in range(n - 1 - k):
            if a[i] > a[i + 1]:
                a[i], a[i + 1] = a[i + 1], a[i]
```

४, २, ५, १, ३ दिले तर उत्तर बरोबर येते. आणखी चार-पाच विस्कटलेल्या, जरा लांबलचक याद्या दिल्या, तरी बहुधा बरोबरच येईल. बबल सॉर्टमध्ये मोठे आकडे एका फेरीत झरझर उजवीकडे जातात, पण लहान आकडा दर फेरीला जास्तीत जास्त एकच घर डावीकडे सरकतो. म्हणून शेवटच्या फेरीची गरज एकाच प्रसंगी पडते: सर्वांत लहान आकडा यादीच्या अगदी टोकाला बसलेला असेल तेव्हा. शंभर वेगवेगळ्या आकड्यांच्या पिसलेल्या यादीत असे होण्याची शक्यता शंभरात एक. वीस वेळा चाचणी केली तरी चूक निसटण्याचीच शक्यता जास्त. उलट्या यादीत मात्र सर्वांत लहान आकडा नेहमीच टोकाला असतो. ५, ४, ३, २, १ द्यावे. तीन फेऱ्यांनंतर २, १, ३, ४, ५ मिळते. चूक पहिल्याच फटक्यात पकडली जाते.

राहिली चौथी यादी, सारख्या आकड्यांची. चौघींत ही सर्वांत खोडकर. पुन्हा क्विकसॉर्टकडे यावे; रिकाम्या यादीची दुरुस्ती झाली आहे आणि पिव्हट मधला आहे. तिला ३, १, ३, २, ३ द्यावे. उत्तर येते:

```
[1, 2, 3]
```

दोन तीन गायब! पिव्हटहून लहान ते एका ढिगात, मोठे ते दुसऱ्यात. पिव्हटइतकेच असलेल्यांना कुठेच जागा ठेवली नव्हती. यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की संगणकाने एक ते दहा लाखांतून यदृच्छया निवडलेले दहा आकडे देऊन चाचणी केली, तर त्यांत दोन सारखे निघण्याची शक्यता २२ हजारांत एक इतकी क्षीण असते. अशा शेकडो चाचण्या चालवूनही ही चूक कदाचित दिसणार नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचरी. उत्तर क्रमाने लागले आहे का, एवढेच तपासणारा परीक्षक या उत्तराला पूर्ण गुण देईल. १, २, ३ क्रमानेच आहेत. त्याच्या लेखी कोणतीही यादी घेऊन नेहमी रिकामी यादी परत देणारे फंक्शनसुद्धा निर्दोष ठरेल, कारण रिकाम्या यादीत क्रम बिघडायला काही नसतेच.

म्हणून उत्तराला दोन प्रश्न विचारावे लागतात. प्रत्येक आकडा आपल्या पुढच्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान आहे का? आणि आत गेलेले आकडे तितक्याच वेळा बाहेर आले का? दुसऱ्या प्रश्नासाठी मूळ यादीची प्रत आधीच बाजूला काढून ठेवायला हवी. बबल सॉर्टसारखे फंक्शन मूळ यादीच बदलते. प्रत नसेल तर नंतर ताडून पाहायला काही उरत नाही.

आता दुरुस्ती. पिव्हटला यादीतून बाजूला काढायचे आणि उरलेल्यांसाठी `>` च्या जागी `>=` लिहायचे, म्हणजे सारखे आकडे मोठ्या ढिगात जातील. उत्तर आता बरोबर येते. एकही आकडा हरवत नाही. पण २,००० वेळा ७ हाच आकडा असलेली यादी देऊन पाहावी. पुन्हा तोच `RecursionError`. पिव्हट ७, उरलेले सगळे ७ मोठ्या ढिगात, लहान ढीग रिकामा. दर फेरीला एकच आकडा गळतो. पिव्हट मधला घ्या की टोकाचा, सगळेच सारखे असताना निवडीला अर्थच नाही. उत्तर चुकण्याची चूक काढायला गेलो आणि वेळ खाण्याची चूक आत आली. अशी चूक शिकाऊ मुलेच करतात असे मानायचे कारण नाही. बेल लॅब्जच्या गोष्टीत ती पुन्हा भेटणार आहे.

खरा उपाय म्हणजे दोनाऐवजी तीन ढीग: लहान, सारखे आणि मोठे. सारख्यांना पुन्हा लावायची गरजच नसते.

```python
def lav(a):
    if len(a) <= 1:
        return a
    p = a[len(a) // 2]
    lahan = [x for x in a if x < p]
    sarkhe = [x for x in a if x == p]
    mothe = [x for x in a if x > p]
    return lav(lahan) + sarkhe + lav(mothe)
```

दोन हजार सातांची यादी आता एकाच फेरीत संपते.

सारख्या आकड्यांचा आणखी एक प्रश्न उरतो. तो नुसत्या आकड्यांत दिसत नाही. आकड्यामागे माणूस उभा राहिला की दिसतो. वर्गातली यादी नावांप्रमाणे लावलेली आहे: इरा ८८, ओंकार ९१, गार्गी ८८, तन्मय ९१. ती आता गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायची. सारखे गुण असलेल्यांत नावांचा आधीचा क्रम टिकावा, ही अपेक्षा रास्त आहे: ओंकार, तन्मय, इरा, गार्गी. हा क्रम टिकवणाऱ्या पद्धतीला स्थिर म्हणतात. पायथॉनचे स्वतःचे `sorted` स्थिर आहे. सी भाषेचे `qsort` तशी हमी देत नाही. पण स्थिर फंक्शन वापरूनही घोटाळा करता येतो. आधी चढत्या क्रमाने लावून मग अख्खी यादी उलटी केली, तर तन्मय, ओंकार, गार्गी, इरा असा क्रम हाती येतो. गुण अचूक उतरत्या क्रमाने, आणि नावे दोन्ही गटांत पालथी. नुसते आकडे पाहणाऱ्या चाचणीला हे कधीच कळणार नाही. त्यासाठी चाचणीच्या यादीत प्रत्येक आकड्याला त्याच्या मूळ जागेचा क्रमांक चिकटवून द्यावा आणि उत्तरात सारख्या आकड्यांचे क्रमांक चढते आहेत का ते पाहावे.

ज्याला या चार याद्या वेगवेगळ्या लिहीत बसायचा कंटाळा असेल, त्याच्यासाठी एक झटपट युक्ती आहे. ० ते ५ हे सहाच आकडे वापरून लांबी शून्यापासून सहापर्यंतच्या जेवढ्या म्हणून याद्या बनतील तेवढ्या सगळ्या बनवायच्या. त्या भरतात ५५,९८७. त्यांत रिकामी आली, लागलेली आली, उलटी आली, सगळे सारखे असलेली आली आणि यांच्यामधले सगळे नमुनेही आले. प्रत्येकीचे उत्तर पायथॉनच्या `sorted` शी ताडून पाहायला आजच्या साध्या लॅपटॉपला चहा ओतण्याइतकाही वेळ लागत नाही. उत्तर चुकण्याच्या वरच्या सगळ्या चुका यात सापडतात. संथपणा मात्र सापडत नाही. सहा आकड्यांत कोण किती संथ होणार? त्यासाठी त्याच चार जातींच्या मोठ्या याद्या लागतातच.

तीन ढिगांचे आपले फंक्शन या सगळ्या परीक्षा पास होते. आता त्याला ती यादी द्यायची, जी विल्क्स आणि बेकर यांना सापडली होती. तिचा आकार डोंगरासारखा: १, २, ३ असे n पर्यंत चढायचे आणि n पासून पुन्हा १ पर्यंत उतरायचे. इंग्रजीत तिला ऑर्गन-पाइप म्हणतात, कारण चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या अशाच मध्ये उंच आणि कडेला बुटक्या दिसतात. छोट्या रूपात १, २, ३, ४, ४, ३, २, १. मधला आकडा ४, म्हणजे नेमका सर्वांत मोठा. मोठा ढीग रिकामा, सारख्यांत दोन ४, आणि लहान ढिगात १, २, ३, ३, २, १. हाही डोंगरच, फक्त शिखर छाटलेला. त्याच्याही मध्ये सर्वांत मोठा, ३. दर फेरीला दोनच आकडे गळतात. शिखर २,००० उंचीचे असेल तर आपले फंक्शन पुन्हा त्याच `RecursionError` वर येऊन आदळते. बेल लॅब्जमधल्या `qsort` ला अशा २n आकड्यांसाठी n² च्या घरात तुलना लागत होत्या.

डोंगराची ही यादी कुठून आभाळातून पडलेली नाही. पहिला अर्धा भाग आधीच लागलेला, दुसरा अर्धा उलटा, आणि प्रत्येक आकडा दोनदा. तपासायच्या चार याद्यांपैकी तिघी एकमेकींना जोडल्या की डोंगर तयार.

त्यांचे सहकारी जॉन बेंटली आणि डग मॅकिलरॉय यांनी मग नवे `qsort` लिहायला घेतले. त्याआधी त्यांनी बाजारातली इतर फंक्शने धुंडाळली. बर्कली विद्यापीठात १९८३ साली लिहिलेले एक फंक्शन डोळ्यांत भरण्याजोगे होते, पण नुसत्या शून्य आणि एक यांनी यदृच्छया भरलेल्या यादीवर तेही लोळण घेत होते. मोजकेच आकडे पुन्हा पुन्हा येणारी यादी, म्हणजे आपली चौथी. युनिक्सच्या डझनभर संचांमध्ये त्यांना एकही `qsort` असे सापडले नाही, की ज्याला सहज या खड्ड्यात ढकलता येणार नाही.

त्यांचा निबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यातला चाचणीचा भाग फंक्शनइतकाच वाचनीय आहे. त्यांनी याद्यांचे पाच मूळ आकार ठरवले. एकात करवतीच्या दात्यांसारखे आकडे चढून पुन्हा खाली येतात, एकात काही अंतर चढून पठार लागते, एक नुसता यदृच्छया भरलेला. मग प्रत्येक आकार सहा प्रकारे तपासला: आहे तसा, पूर्ण उलटा, फक्त पुढचा अर्धा उलटा, फक्त मागचा अर्धा उलटा, लावून ठेवलेला, आणि थोडासा हलवलेला. लांब्या घेतल्या १००, १०२३, १०२४ आणि १०२५. या शेवटच्या तिघींत शेजार हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. अर्ध्या-अर्ध्या वाटणीत एकाचा फरक कुठे नडत असेल तर तो दोनाच्या घाताच्या आसपास उघडा पडतो.

पिव्हटसाठी त्यांनी एका आकड्यावर विसंबणे सोडले. लहान यादीत मधला आकडा, मध्यम यादीत तीन ठिकाणच्या तीन आकड्यांपैकी मधल्या किमतीचा, आणि मोठ्या यादीत नऊ ठिकाणचे नऊ आकडे घेऊन, तिघांतिघांतून मधला काढून, त्या तिघांतून पुन्हा मधला. डोंगर असो, करवत असो, नऊ ठिकाणी हात घातल्यावर सगळीकडे शिखरच लागणे कठीण. सारख्या आकड्यांसाठी तिसरा ढीग त्यांनीही केला, पण वेगळी यादी न बनवता, आहे त्याच यादीच्या दोन्ही टोकांना सारखे आकडे साठवत आणि शेवटी मध्ये आणून ठेवत.

सहा वर्षांनी, १९९९ मध्ये, मॅकिलरॉय यांनी आणखी एक छोटासा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. क्रमवारी लावणारे फंक्शन दर वेळी विचारते, की या दोघांत लहान कोण? त्याला उत्तर देणाऱ्या जागी मॅकिलरॉय यांनी एक लबाड बसवला. त्याच्याकडे आधी ठरलेले आकडे नसतातच. प्रश्न येईल तसा तो आकडा ठरवतो, आणि असा ठरवतो, की निवडलेला पिव्हट नेहमी अगदी टोकाचा निघावा. आधी दिलेल्या उत्तरांशी मात्र कधी विसंगत बोलत नाही. शेवटी त्याने ठरवलेले आकडे ओळीने लिहून काढले, की त्या क्विकसॉर्टसाठी खास शिवलेली वाईट यादी तयार मिळते. पिव्हट कसाही निवडला तरी बहुतेक क्विकसॉर्ट त्याच्यापुढे n² तुलनांपर्यंत घसरतात. नऊ ठिकाणी हात घालणारे त्यांचे स्वतःचे `qsort` ही त्यातून सुटले नाही.